एका गुंठ्याचं ठिबक किट: खोक्यावरचा मजकूर संशोधकाने कसा वाचावा

पेपर कसा वाचायचा यावर पूर्वी लिहिलं आहे. आज पेपरऐवजी जाहिरात वाचू. लहान शेतकऱ्यांसाठीच्या ठिबक किटवर बऱ्याचदा असतो तसा एक नमुना मजकूर मीच तयार केला आहे. तो कोणत्याही कंपनीचा नाही.

"१ गुंठ्यासाठी संपूर्ण ठिबक किट! २०० लिटरचा ड्रम, विजेची गरज नाही. ताशी ४ लिटरचे ड्रिपर. रोज फक्त अर्धा तास. पाण्यात ६० टक्के बचत, उत्पन्नात ४० टक्के वाढ."

चार ओळींत निदान पाच दावे आहेत, आणि प्रत्येक दाव्यामागे न लिहिलेली एक अट आहे. ती अट शोधून काढणं म्हणजेच संशोधनाचा प्रश्न तयार करणं. आपण हे किट वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या, म्हणजे निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या बाजूच्या एखाद्या वाडीत नेऊन बसवू. तिथे जमिनीचे तुकडे लहान, पाणी विहिरीचं किंवा बावखलाचं, आणि वाडीत वांगी, मिरची, दुधी, केळी, मोगरा, सोनचाफा असं काय काय. किट ज्यांच्यासाठी बनवलं म्हणतात ते शेतकरी हेच.

सुरुवात "ताशी ४ लिटर" पासून करू, कारण बाकीचे आकडे त्यावर उभे आहेत. ड्रिपरवर छापलेला प्रवाह साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याइतक्या दाबाला मोजलेला असतो. पंपाला जोडलेल्या ठिबकमध्ये तेवढा दाब मिळतो. ड्रमच्या किटमध्ये दाब येतो तो फक्त उंचीतून. ड्रम ६० सेंटीमीटरच्या ओट्यावर ठेवला आणि ड्रमची स्वतःची उंची साधारण ८५ सेंटीमीटर धरली, तर भरलेल्या ड्रमला जवळपास दीड मीटर दाब मिळतो आणि रिकामा होताना ६० सेंटीमीटर. सरासरी एक मीटर धरू. दाब आणि प्रवाह यांचं नातं असं:

```
q = k × h^x
```

साध्या ड्रिपरमध्ये x साधारण ०.५ असतो, म्हणजे प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब दहापट कमी झाला की प्रवाह सुमारे ३.१६ पट कमी होतो. खोक्यावरचा ताशी ४ लिटरचा ड्रिपर आपल्या वाडीत ताशी सव्वा लिटर देतो. ड्रम भरलेला असताना दीड लिटर, संपत आला की लिटरच्याही किंचित खाली. छापलेला आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्या जोडणीचा आहे.

आता "रोज अर्धा तास" बघा. एक गुंठा म्हणजे जवळपास १०० चौरस मीटर. दहा मीटरच्या आठ लॅटरल टाकल्या आणि दर ४० सेंटीमीटरला एक ड्रिपर धरला, तर २०० ड्रिपर होतात. सव्वा लिटरच्या हिशेबाने सगळे मिळून ताशी २५० लिटर, म्हणजे अर्ध्या तासात सव्वाशे लिटर. उन्हाळ्यात वाढलेल्या भाजीची गरज रोज ५ मिलिमीटर धरली, तर १०० चौरस मीटरला ५०० लिटर लागतं (१ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, हे पक्कं लक्षात ठेवा, फार ठिकाणी कामी येतं). म्हणजे अर्ध्या तासात गरजेच्या चौथा हिस्सा पाणी मिळालं. तेच किट पंपावर १० मीटर दाबाने चालवलं असतं, तर अर्ध्या तासात ४०० लिटर पडलं असतं. "अर्धा तास" हा आकडा कुठून आला असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

"२०० लिटरमध्ये गुंठा" हा दावाही थोडासा खरा आहे, आणि अशा अर्धवट खऱ्या दाव्यांकडे जास्त लक्ष द्यावं. रोपं नुकती लावलेली असताना पानांचा पसारा कमी असतो. तेव्हा गरज दिवसाला २ मिलिमीटरच्या आसपास धरली, तर एक ड्रम पुरतो. सहा-सात आठवड्यांनी झाडं भरली की दिवसाला अडीच ड्रम लागतात, आणि ते विहिरीतून वर चढवायला पंप किंवा माणूस लागतोच. "विजेची गरज नाही" हे ड्रमपासून पुढे खरं, ड्रमपर्यंत नाही. किट विकत घेतल्यावर पहिला महिना सगळं छान चालतं आणि फळधारणेच्या वेळी झाडं दुपारी माना टाकतात. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, पण दोष बियाण्याला किंवा उन्हाला दिला जातो.

इथपर्यंत कागदावरचा हिशेब झाला. शेतात काय घडतं ते मोजावं लागतं, आणि मोजणी स्वस्त आहे: सारखे १६ पेले, एक मोजपात्र, घड्याळ. चार लॅटरल निवडा. प्रत्येकीवर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि शेवट अशा चार जागी ड्रिपरखाली पेला ठेवा आणि दहा मिनिटांत जमलेलं पाणी मोजा. समजा, असे आकडे आले (मिलिलिटर):

```
सुरुवात         २१५  २१०  २१२  २०८
एक तृतीयांश     २०८  २०४  २०६  २००
दोन तृतीयांश    १९६  १९०  १९८  १८४
शेवट            १७८  १५०  १८२  १२०
```

सोळांची सरासरी १९१. सर्वात कमी चार आकड्यांची सरासरी १५७.५. दुसरीला पहिलीने भागलं की ०.८२ येतं, म्हणजे वितरणाची समानता ८२ टक्के. याचा अर्थ असा, की सर्वात कमी पाणी मिळणाऱ्या चौथ्या हिश्श्यातल्या झाडांनाही गरजेइतकं पोचवायचं तर ५०० नव्हे, सुमारे ६१० लिटर सोडावं लागेल. वरचे ११० लिटर बचतीतून वजा. खोक्यावर हा आकडा मी तरी पाहिलेला नाही, आणि छापायचाच तर सगळ्यात आधी हाच छापायला हवा.

तक्ता अजून काही सांगतो. चारही लॅटरलचा शेवट सुरुवातीपेक्षा कमी आहे. तो दाबाचा किंवा उताराचा परिणाम. एक मीटर दाबात १० सेंटीमीटरचा चढ म्हणजे दाबात १० टक्के घट आणि प्रवाहात साधारण ५ टक्के. पंपाच्या ठिबकमध्ये हाच चढ जाणवणारही नाही. पण शेवटच्या ओळीतला १२० हा त्या उतरंडीत बसत नाही. तो ड्रिपर बहुधा तुंबला आहे. बावखलाचं पाणी असेल तर शेवाळ, विहिरीचं जड पाणी असेल तर तोंडाशी पांढरा थर. जाळीच्या फिल्टरवर शेवाळ चटकन बसतं आणि एवढ्या कमी दाबात फिल्टर थोडासा भरला तरी पूर्ण गुंठ्याचा प्रवाह घसरतो. म्हणून सगळेच आकडे एकदम पडले तर आधी फिल्टर उघडून बघा, एकच पडला तर ड्रिपर.

इथे एक सापळा आहे, आणि तो खास तुमच्यासाठी. पेले चारच असतील आणि तुम्ही आधी सगळ्या सुरुवाती, मग मध्य, मग शेवट असं मोजत गेलात, तर तेवढ्या वेळात ड्रमची पातळी उतरते. शेवटचे आकडे कमी येणारच, पण ते लॅटरलच्या टोकामुळे की ड्रम रिकामा झाल्यामुळे, हे कुठलंही सॉफ्टवेअर नंतर वेगळं करून देणार नाही. उपाय साधा: सोळाही पेले एकाच वेळी ठेवा, किंवा वरून पाणी सोडत ड्रमची पातळी स्थिर ठेवा.

"६० टक्के बचत" वाचल्यावर विचारायचं ते, कशाच्या तुलनेत? वाडीत पाट काढून आळ्यांना पाणी देणारा शेतकरी आणि झारीने बुंध्याशी पाणी घालणारा शेतकरी यांना एकाच आकड्यात बसवता येत नाही. दुसऱ्याचं पाणी फारसं वाचणार नाही, त्याचे तास वाचतील. त्याला विकायचं असेल तर मजकूर वेळेबद्दल हवा. शिवाय पाटातून खाली मुरलेलं पाणी काही प्रमाणात त्याच विहिरीला परत येतं. ते थांबवलं तर उपसा आणि वीज वाचते, पण भूजल तेवढंच वाचलं असं म्हणता येत नाही. थीसिसमध्ये "उपसलेलं पाणी" आणि "पिकाने वापरलेलं पाणी" हे दोन रकाने वेगळे ठेवा. पिकाचाही प्रश्न आहेच: वाफ्यात फोकून पेरलेल्या पालक-मेथीला ४० सेंटीमीटरवरचे ड्रिपर कामाचे नाहीत, मध्ये कोरडे पट्टे राहतात.

उत्पन्नवाढीचा दावा मी सर्वात कमी गांभीर्याने घेते. झिंबाब्वेच्या इन्सिझा जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या जमिनीवर स्वस्त ठिबक आणि पृष्ठभागावरचं सिंचन यांची तुलना झाली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ठिबकला निम्म्याहूनही कमी पाणी लागलं, पण भाजीच्या उत्पादनातला फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. खत-मातीची बाजू कमकुवत असेल तर नळी बदलून पीक वाढत नाही. जाहिरातीतल्या तुलनेत बऱ्याचदा ठिबकच्या प्लॉटला विद्राव्य खत आणि आच्छादनही मिळालेलं असतं, शेजारच्या प्लॉटला नाही. मग वाढ कशाची? आणि हो, एका ड्रमखाली २०० झाडं असली तरी तुमचा नमुना २०० नाही, १ आहे.

वसईत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती खारेपणाची. समुद्र आणि खाडीच्या बाजूच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ठिबकमध्ये मीठ धुऊन खाली जात नाही, ओल्या भागाच्या कडेला साठतं. मातीवर पांढरी कड दिसते ती तीच. जूनच्या पहिल्या हलक्या सरीने ते मीठ मुळांकडे ढकललं जातं, म्हणून तेव्हा ठिबक बंद न करता थोडा वेळ चालू ठेवतात. पुढचा कोकणातला पाऊस जमीन धुऊन काढतो.

हे सगळं धरून त्याच किटचा मजकूर मी असा लिहीन:

"१ गुंठा ओळीतल्या भाजीसाठी. ओटा ६० सेंमी, ड्रम २०० लिटर. या उंचीवर प्रत्येक ड्रिपर ताशी साधारण सव्वा लिटर देतो. लागवडीनंतर रोज एक ड्रम, झाडं भरल्यावर रोज तीन. ड्रम भरायची सोय तुमची. नळ्या सपाट जमिनीवर टाका. फिल्टर दर दोन दिवसांनी धुवा. महिन्यातून एकदा पेले लावून पाणी मोजा, एखादा पेला बाकीच्यांच्या निम्म्यावर आला तर तो ड्रिपर बदला. दहा सुटे ड्रिपर खोक्यात आहेत. फोकून पेरलेल्या पालेभाजीला वापरू नका."