चुकून आलेला मेसेज आणि न निघणारे पैसे

या फसवणुकीचा पहिला मेसेज अगदी साधा असतो. ‘डॉक्टर, उद्याची वेळ पक्की ना?’ किंवा ‘रविवारच्या जेवणाला येताय ना?’ एवढाच मजकूर. समोरच्याने ‘नंबर चुकला’ असे कळवले की लगेच नम्र माफी येते, आणि त्याच माफीला जोडून पुढचा प्रश्न येतो: तुम्ही कुठले? काय करता? मेसेज हजारो नंबरांवर जातो. त्यातून उत्तर देणारी, सभ्य आणि मोकळ्या वेळात बोलणारी माणसे तेवढी निवडली जातात.

पुढे कित्येक आठवडे पैशांचा विषय निघत नाही. सकाळची विचारपूस, जेवणाचे फोटो, आजारी आईची चौकशी असे चालू राहते. पलीकडे बहुधा एक व्यक्ती नसते. पाळीनुसार बदलणारे कर्मचारी लिहून दिलेल्या संहितेप्रमाणे उत्तरे देतात आणि मुलांची नावे, कर्ज, एकटेपणा अशा नोंदी ठेवतात. अशी अनेक केंद्रे म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधल्या बंदिस्त वसाहतींत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या 2023च्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसांना या कामाला जबरदस्तीने जुंपलेले असू शकते. चांगल्या नोकरीच्या आमिषाने तिथे नेलेल्यांत भारतीय तरुणही आहेत. त्यामुळे गोड बोलणारा माणूस स्वतःच कैदेत असण्याची शक्यता असते.

गुंतवणुकीचा उल्लेख ओघात येतो: काकांच्या सल्ल्याने घेतलेल्या क्रिप्टोत आज चांगला नफा झाला, एवढेच. आग्रह नसतो, म्हणून संशयही येत नाही. कुतूहल दाखवले की खऱ्या, नामांकित एक्सचेंजवर खाते उघडायला सांगतात. तिथे डॉलरशी मूल्य जोडलेले USDT हे चलन विकत घ्यायचे आणि ‘ट्रेडिंग’च्या दुसऱ्या ॲपवर पाठवायचे. इथवर सगळे खरे असते. खोटे असते ते दुसरे ॲप. त्यातले आलेख आणि वाढती शिल्लक हे पडद्यावरचे आकडे असतात, आणि ते हलवणारा माणूस पलीकडे बसलेला असतो. पाठवलेले USDT पहिल्याच क्षणी टोळीच्या वॉलेटमध्ये गेलेले असते.

या रचनेतला सर्वांत घातक भाग म्हणजे पहिली परतफेड. समजा, कोणी 20,000 रुपये गुंतवले. आठवड्यात ॲप 23,000 दाखवते, आणि त्यातले 5,000 मागितले की ते खरोखर बँकेत येतात. टोळीच्या दृष्टीने तो खर्चच असतो. पण त्या माणसाला तो पुरावा वाटतो, आणि मग मुदत ठेवी मोडल्या जातात. मोठी रक्कम काढायला गेल्यावर मात्र ‘आधी वीस टक्के कर भरा’ असा निरोप येतो. कर भरला की खाते गोठते, गोठलेले खाते सोडवायला अनामत लागते. खरा प्राप्तिकर असा एखाद्या ॲपकडे आगाऊ भरायचा नसतो. भारतात क्रिप्टो विकताना 1 टक्का टीडीएस व्यवहाराच्या रकमेतूनच कापला जातो आणि उरलेला कर थेट सरकारकडे भरायचा असतो. स्वतःचे पैसे मिळवण्यासाठी आणखी पैसे मागितले गेले, की फसवणूक झाली असे निश्चित समजावे.

आर्थिक ज्ञान इथे वाचवतेच असे नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एल्कहार्ट या छोट्या गावातील हार्टलँड ट्राय-स्टेट बँकेचे प्रमुख शान हेन्स यांना 2022च्या अखेरीस व्हॉट्सॲपवरून असेच गाठले गेले. आधी त्यांनी स्वतःचे पैसे घातले, नंतर चर्चचे, मग मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेले. मे ते जुलै 2023 दरम्यान त्यांनी बँकेचे 4 कोटी 71 लाख डॉलर क्रिप्टोसाठी बाहेर पाठवले. ‘अडकलेले पैसे सोडवायला’ म्हणून शेजाऱ्याकडे त्यांनी 1 कोटी 20 लाख डॉलर मागितले, तेव्हा शेजाऱ्याने ही फसवणूक ओळखली आणि बँकेच्या संचालकांना कळवले. बाहेरच्या माणसाला जे काही मिनिटांत दिसले, ते कर्ज मंजूर करण्यात आयुष्य घालवलेल्या बँकरला दिसले नव्हते. 28 जुलै 2023 रोजी बँक बंद झाली. ठेवीदार विम्यामुळे वाचले, भागधारकांची गुंतवणूक बुडाली आणि 2024मध्ये हेन्स यांना चोवीस वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला.

क्रिप्टोचा व्यवहार उलटवता येत नाही, पण बँकेतून गेलेली रक्कम वेळेत कळवल्यास मधल्या खात्यात रोखता येते. म्हणून संशय येताच 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. चॅट पुसू नये. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि वॉलेटचा पत्ता जपून ठेवावा. काही दिवसांनी ‘बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा कोणी शुल्क मागत आला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.