शहाण्णव टक्के

माझ्या मामेभावाचा पुण्याजवळ गाद्यांचा कारखाना आहे. दुकान असं नाहीच, सगळी विक्री वेबसाइटवरून. यंदा गणपतीच्या आधी त्याने पहिल्यांदा इंटरनेटवर चालणाऱ्या टीव्हीवर जाहिरात दिली. पंधरा सेकंदांची होती. मोहीम संपल्यावर एजन्सीने पाठवलेला रिपोर्ट त्याने मला व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलला आणि खाली एकच ओळ लिहिली : "दादा, शहाण्णव टक्के! मग गोदाम का रिकामं होत नाही?"

माझी नोकरीची वर्षं जाहिरातींच्या मोजमापात गेली, म्हणून नातेवाइकांचे असे रिपोर्ट माझ्याकडे येतात. हाही नेहमीसारखाच होता. जाहिरात ६ लाख वेळा दाखवली, त्यातल्या ५ लाख ७६ हजार वेळा ती शेवटपर्यंत चालली. पोहोचलेली घरं दीड लाख. त्यांपैकी १,८०० घरांतून पुढच्या चौदा दिवसांत वेबसाइटला भेट. खर्च १ लाख ८० हजार रुपये, म्हणजे एका भेटीला शंभर रुपये. शंभर रुपयांत गादीचं गिऱ्हाईक दारात येणार असेल तर कोण नको म्हणेल?

पहिला आकडा शहाण्णव टक्क्यांचा, आणि मामेभाऊ खूश होता तो त्याच्यावरच. हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. जाहिरातीच्या फाइलबरोबर टीव्हीला एक छोटी यादी मिळते : जाहिरात सुरू झाली की या पत्त्यावर कळव, पाव झाली की त्या, मग अर्धी, पाऊण आणि पूर्ण. ही यादी कशी लिहायची ते आयएबी या जाहिरात-उद्योगाच्या संघटनेने व्हास्ट नावाच्या नियमावलीत ठरवून दिलं आहे. यादीतली शेवटची नोंद अशी दिसते :

```
<Tracking event="complete">
  <![CDATA[https://example.com/t?e=complete]]>
</Tracking>
```

जाहिरात संपली की टीव्हीतलं अॅप या पत्त्यावर एक हाक मारतं आणि दुसऱ्या टोकाला एक पूर्ण व्ह्यू जमा होतो. एवढंच. फाइल शेवटपर्यंत चालली, हे त्यातून कळतं. समोर माणूस होता का, आवाज चालू होता का, यातलं काही त्या हाकेत नसतं. शिवाय मोबाइलवर जाहिरात अनेकदा मध्येच वगळता येते, टीव्हीवर बहुतेक ठिकाणी येत नाही. तेव्हा नव्वदीच्या पुढचा आकडा हा जाहिरातीचा गुण नव्हे, ती ज्या जागी दाखवली त्या जागेचा आहे. गादीऐवजी काळा पडदा पंधरा सेकंद दाखवला असता तरी आकडा फारसा खाली आला नसता.

पडदा तर कधी कधी खरोखरच काळा असतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत जुन्या टीव्हीला मागून स्टिक लावलेली असते. रात्री रिमोटने टीव्ही बंद केला, तरी स्टिकला वीज मिळतच राहते. मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होतो, मध्ये जाहिरात येते, ती चालते, संपते आणि इमानेइतबारे हाक मारते. ग्रुपएम ही जाहिरात-खरेदी कंपनी आणि आयस्पॉट ही मोजमाप करणारी कंपनी यांनी २०२२ मध्ये अमेरिकेत हे तपासलं. स्टिक, बॉक्स, गेमचे कन्सोल अशा जोडलेल्या यंत्रांवरच्या १७ टक्के जाहिराती टीव्ही बंद असताना चालल्या होत्या. टीव्हीच्या स्वतःच्या अॅपमध्ये हे जवळजवळ होत नव्हतं, कारण तिथे टीव्ही बंद झाला की अॅपही बंद. आपल्याकडचं प्रमाण तेच असेल असं मी म्हणणार नाही, पण स्टिक इथेही तशीच वागते.

हे ओळखायचं कसं? मी मामेभावाला एजन्सीकडून दोन गोष्टी मागवायला सांगितल्या : तासांप्रमाणे आकडे आणि यंत्रांप्रमाणे आकडे. रात्री एक ते पाच या वेळेत स्टिकवर पूर्ण होण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर निघालं. जागा माणूस कंटाळतो, चॅनेल बदलतो, अॅपमधून बाहेर पडतो. म्हणून पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण या चार आकड्यांत थोडी थोडी गळती दिसायला हवी. जिथे गळतीच नाही तिथे पाहणाराही नसण्याची शक्यता मोठी. थेट सामन्यांत आणखी एक भानगड होते. तिथे जाहिरात सर्व्हरवरच चित्रात शिवली जाते आणि काही ठिकाणी 'पूर्ण'ची हाकही टीव्हीऐवजी सर्व्हरच मारतो. मग मोजलं जातं ते पाठवणं, पाहणं नव्हे.

आता दीड लाख घरं. घर हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर दार, पाटी, चपलांचा स्टँड येतो. रिपोर्टला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता आणि टीव्हीचा जाहिरात-क्रमांक, आणि या दोहोंच्या मेळातून तो घर कल्पितो. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की अनेक जोडण्यांना नवा पत्ता मिळतो आणि एका घराची दोन घरं होतात. हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही आणि आतल्या खोलीत स्टिक असेल तर क्रमांकही दोन. याच्या उलटही होतं. पत्ते अपुरे पडतात म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता वाटून देतात. मग सोसायटीतली पन्नास बिऱ्हाडं रिपोर्टमध्ये एक घर होऊन बसतात. दोन्ही चुका एकाच बेरजेत मिसळतात, त्यामुळे दीड लाखाचा खरा आकडा मोठा की छोटा हेही बाहेरून सांगता येत नाही. आणि घरातले किती जण समोर बसले होते, हा प्रश्न तर इथे विचारलाच जात नाही. बार्कच्या पारंपरिक टीव्ही-मोजणीत निवडक घरांत मीटर असतो आणि घरातल्या प्रत्येकाने आपलं बटण दाबायचं असतं. कटकटीचं काम, पण निदान माणसं मोजायचा प्रयत्न तरी आहे.

या आकड्यातली त्याहून उपयोगाची गोष्ट सरासरीच्या आड लपली होती. ६ लाख दाखवण्या, दीड लाख घरं, म्हणजे घरामागे चार वेळा. ऐकायला समंजस वाटतं. वाटणी मागवली तेव्हा निघालं ते असं : ६० हजार घरांना जाहिरात एकदाच दिसली, आणखी ६० हजारांना तीनदा, आणि उरलेल्या ३० हजारांना बारा-बारा वेळा. (हे आकडे मी समजायला सोपे म्हणून गोल केले आहेत.) ३० हजार गुणिले बारा म्हणजे ३ लाख ६० हजार. साठ टक्के पैसे वीस टक्के घरांवर गेले. एजन्सीने मर्यादा घातली होती, पण ती प्रत्येक अॅपपुरती. तीन अॅप पाहणाऱ्या घराला मर्यादेच्या तिप्पट जाहिराती, त्याही एकाच गादीच्या. मामेभावाचा मित्र त्याला म्हणाला होता, "अरे, तुझी गादी स्वप्नात यायला लागली." त्याने ते कौतुक समजून घेतलं होतं.

राहिला तिसरा आकडा, वेबसाइटच्या १,८०० भेटींचा. गोदामाच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. वेबसाइटवर एक अदृश्य टिपणारा तुकडा बसवलेला असतो. कोणी पान उघडलं की तो त्याचा आयपी पत्ता टिपतो. पुढे हे पत्ते ज्या पत्त्यांवर जाहिरात चालली त्यांच्या यादीशी ताडून पाहतात. चौदा दिवसांच्या आत जुळलं, की भेट जाहिरातीच्या खात्यावर. जाहिरात बघून आला का, हे कोणी विचारलेलं नसतं. लग्न ठरलं म्हणून गादी शोधणारा, पाठ दुखते म्हणून डॉक्टरने सांगितलेला, आधीच घेतलेल्या गादीची तक्रार करायला आलेला, सगळे त्यात. एका पत्त्याआड पन्नास बिऱ्हाडं असतील तर शेजारच्याची भेटही त्यात. आणि ज्याने खरोखर जाहिरात पाहून सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाइल डेटावर साइट उघडली तो मात्र त्यात नाही, कारण त्याच्या फोनचा पत्ता घरच्या वायफायचा नव्हता.

म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो : जाहिरात दाखवलीच नसती तर यातली किती घरं आली असती? मोहीम सुरू होण्याआधी मी मामेभावाला एक अट घालायला लावली होती. जाहिरात ज्यांना दाखवणार त्या घरांपैकी साधारण सहावा हिस्सा चिठ्ठ्या टाकल्यासारखा बाजूला काढायचा आणि त्यांना ती मुद्दाम दाखवायची नाही. एजन्सीतल्या मुलाने आधी नाक मुरडलं, "सर, रीच कमी होईल." मग केलं. बाजूला काढलेली ही ३० हजार घरं रिपोर्टच्या सुंदर पानांवर नव्हती, एक्सेलच्या शेवटच्या शीटवर होती.

त्या ३० हजारांतून ३०६ घरांनी साइटला भेट दिली होती. म्हणजे १.०२ टक्के. दाखवलेल्या दीड लाखातून १,८००, म्हणजे १.२ टक्के. फरक ०.१८ टक्क्यांचा. दीड लाखाला हा फरक लावला तर जाहिरातीमुळे वाढलेल्या भेटी २७० येतात. उरलेले १,५३० तसेही आलेच असते. शंभर रुपयांची भेट ६६७ रुपयांना पडली.

२७० हाही पक्का आकडा नव्हे. बाजूला काढलेली घरं ३० हजारच, आणि त्यांतल्या तीनशेच्या आसपासच्या भेटी नुसत्या योगायोगानेही पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतात. नेहमीच्या संख्याशास्त्रीय हिशोबाने खरा आकडा ८० ते ४६० मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे भेटीची किंमत ४०० रुपयांपासून थेट सव्वादोन हजारांपर्यंत. शिवाय पत्ते बदलत राहिल्याने बाजूला काढलेल्या काही घरांनाही जाहिरात दिसली असणार, त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा थोडा कमीच दिसतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो चिडला. "म्हणजे चारशे की दोन हजार, ते तू सांगूच शकत नाहीस?" सांगू शकत नाही. पण जाहिरातीने काहीच झालं नाही, असंही नाही, कारण त्या पट्ट्यात शून्य नव्हतं. आणि शंभर रुपये तर त्यात कुठेच नव्हते.

त्याच्या हिशोबाने वीस भेटींत एक गादी विकली जाते आणि गादीमागे चार हजार सुटतात. ६६७ गुणिले वीस म्हणजे तेरा हजारांवर. कागदावरचा हा हिशोब त्याने स्वतःच केला, मी बोललो नाही.

दिवाळीच्या मोहिमेसाठी त्याने खर्च निम्म्यावर आणला, स्टिकवरची जाहिरात बंद केली, रात्री एक ते पाचची वेळ काढून टाकली आणि सगळ्या अॅप्सना मिळून घरामागे चारची एकच मर्यादा मागितली. बाजूला ठेवायची घरं या वेळी सहाव्या हिश्श्याऐवजी निम्मी. पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट आला त्यात पूर्ण व्ह्यू शहाण्णववरून एक्क्याण्णवावर आले होते. एजन्सीतल्या मुलाने सोबत दिलगिरीचं पत्र जोडलं होतं.