बाजू बदलली की सगळेच नियम उलटे होतात का?

पीएचडीसाठी जर्मनीला निघालात की एक सल्ला हमखास मिळतो: ‘तिथे गाडी उजवीकडून चालवतात, आपलं सगळं उलटं करायचं.’ सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

आधी काय उलटं होतं ते पाहू. लेन बदलते, स्टिअरिंग डावीकडे जातं. गोल चौकात (सर्कलला) आपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, तिथे उलट फिरतात. पण क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच राहतो. म्हणजे ‘बाजू’ हा एकच घटक नाही, त्यात अनेक वेगळे घटक दडलेले आहेत.

आता एक उदाहरण नीट सोडवू. निवासी भागातला साधा चौक घ्या, सिग्नल नाही, पाटी नाही. तुम्ही सरळ जाताय. भारतात नियम असा, की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. जर्मनीतही नियम तोच, ‘रेख्ट्स फोर लिंक्स’, म्हणजे डावीकडच्यापेक्षा उजवीकडचा आधी. ‘सगळं उलटं’ हे सूत्र लावून तुम्ही डावीकडच्याला वाट दिलीत आणि उजवीकडच्याच्या पुढ्यात गाडी घातलीत, तर चूक तुमची.

मग काहीच बदललं नाही का? बदललं. कागदावर चौक काढून बघा. भारतात आडव्या रस्त्याचा तुमच्या जवळचा अर्धा भाग उजवीकडून येणाऱ्यांचा असतो. म्हणजे आधी आडवी येणारी गाडी आणि आधी जाण्याचा हक्क असलेली गाडी, दोन्ही एकाच बाजूला. उजवीकडे पाहिलं की दोन्ही कामं झाली. जर्मनीत जवळच्या अर्ध्यातून गाड्या डावीकडून येतात, पण हक्क मात्र उजवीकडच्याचा, आणि तो पलीकडच्या अर्ध्यातून येतो. एका नजरेत होणारं काम आता दोन नजरांचं झालं. डावीकडचा तुम्हाला वाट देणार असला, तरी तो खरंच थांबतोय का हे बघावं लागतंच.

जुनं कौशल्य नव्या ठिकाणी आड येतं, याला मानसशास्त्रात ‘निगेटिव्ह ट्रान्सफर’ म्हणतात. इथे आड येते ती नियमाची आठवण नव्हे, तर उजवीकडे एकदाच बघायची सवय. म्हणून फक्त नियम पाठ करून भागत नाही.

आणखी एक फरक आहे. सिग्नल लाल असताना ‘फ्री लेफ्ट’चं ‘फ्री राइट’ होत नाही. सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी असेल तरच, तीही आधी पूर्ण थांबून, उजवीकडे वळता येतं.

वहीत तीन रकाने करा: उलटं होणारं, तसंच राहणारं, नव्याने शिकायचं. प्रत्येक नियम त्यात बसवताना चौक वरून पाहिल्यासारखा काढा. तिथे राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. तेव्हाही हीच वही उपयोगी पडेल.