कॉन्ट्रॅक्टवरून पर्मनंट होताना

पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्याला कंपनीने पर्मनंटची ऑफर दिली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘हातात किती येणार?’ प्रश्न साहजिक आहे. पण नेमक्या याच प्रश्नाने भल्याभल्यांचा हिशोब चुकतो. महिन्याच्या आकड्याला महिन्याचा आकडा लावला तर नोकरी तोट्याची दिसते. वर्षाच्या बिलाशेजारी सीटीसी ठेवला तर ती वाजवीपेक्षा जास्त फायद्याची वाटते.

समजा, एक सॉफ्टवेअर टेस्टर दिवसाला 4,200 रुपये बिल करतो. महिन्याचे 21 दिवस धरले तर 88,200 रुपये होतात. त्याला 12 लाखांच्या सीटीसीची ऑफर आली आहे.

आधी हे 12 लाख सोडवून पाहू. बेसिक निम्मं, म्हणजे महिना 50,000. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या 12 टक्के, वर्षाला 72,000. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, म्हणजे 28,860. आरोग्य विम्याचा हप्ता 15,000 धरू, आणि व्हेरिएबल पे 1,20,000. हे सगळं वजा केल्यावर पक्का पगार उरतो वर्षाला 9,64,140, म्हणजे महिना साधारण 80,300. त्यातून त्याच्या स्वतःच्या पीएफचे 6,000 आणि व्यवसाय कराचे 200 कापले की खात्यात येतात 74,000 च्या आसपास. इन्कम टॅक्सचा फरक इथे पडत नाही. नव्या करप्रणालीत दोन्ही बाजूंचं करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे आणि बिलातून कापलेला 10 टक्के टीडीएस रिटर्न भरल्यावर परत मिळतो.

88 हजार सोडून 74 हजार घ्यायचे? इथेच बरेच जण ऑफर नाकारतात. पण कॉन्ट्रॅक्टवाल्याचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. पाच दिवसांच्या आठवड्याने वर्षात 260 दिवस होतात. सणवाराच्या 10 सुट्ट्या, शिवाय आजारपण, गावची जत्रा, घरचं लग्न यांचे 18 दिवस वजा केले की बिलाचे उरतात 232. त्यांचे होतात 9,74,400. घरच्यांच्या आरोग्य विम्याचे 25,000 तो स्वतः भरत असेल तर शिल्लक 9,49,400.

नोकरीच्या बाजूला पक्का पगार आणि कंपनीचा पीएफ मिळून 10,36,140. व्हेरिएबल आणि ग्रॅच्युइटी मी मुद्दाम धरलेली नाही. तरीही नोकरी सुमारे 87,000 रुपयांनी वर आहे, आणि यात कॉन्ट्रॅक्टवाला एकही दिवस कामाविना बसलेला नाही. याच हिशोबाने कॉन्ट्रॅक्टचा दर दिवसाला साधारण 4,575 असेल तर दोन्ही पारडी बरोबर येतात. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये एक महिना रिकामा जात असेल, तर तोच दर 5,000 च्या वर लागतो. स्वतःचे आकडे घालून हा दर प्रत्येकाने काढावा. ‘हातात किती’पेक्षा तो कितीतरी खरं सांगतो.

ग्रॅच्युइटी का सोडली? पर्मनंट माणसाला ती साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. तीन वर्षांत नोकरी बदलली तर सीटीसीत दरवर्षी दिसलेले 28,860 कधीच हाती येत नाहीत. पीएफचे पैसे आपलेच असतात, पण हवे तेव्हा काढता येतीलच असं नाही; घराचा हप्ता डोक्यावर असेल तर हा फरक जाणवतो. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ न भरता 15,000 च्या मर्यादेवर महिना 1,800 च भरतात. तेही आधी विचारावं.

काही गोष्टी मात्र या बेरजेत बसत नाहीत. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या गटविम्यात तो बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. आईवडिलांना मधुमेह असेल आणि गटविम्यात त्यांचा समावेश होत असेल, तर ही एकच गोष्ट निर्णय फिरवू शकते. मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या स्त्रीसाठी पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवड्यांची भरपगारी रजा म्हणजे सहा महिन्यांचं उत्पन्न आहे. स्वतःच्या नावाने बिल करणारीला त्या काळात काहीच मिळत नाही. उलट बाजूने, नोकरीत नोटीस पिरियड 60 किंवा 90 दिवसांचा असतो आणि बाहेर दुसरं काम घेता येत नाही. संध्याकाळची कामं करून वरकड कमावणाऱ्याने ते पैसेही हिशोबात धरावेत.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरकडून पगाराची पूर्ण फोड लेखी मागून घ्या. गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिला, हेही विचारा. दर काढल्यावर ऑफर कमी पडत असेल तर वाढ मागायची ती पक्क्या पगारात मागा, व्हेरिएबलमध्ये नको.