‘बाळा, केवायसी करून दे’

आमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस मोबाईल आणि ऑनलाइन कामांसाठी मदतीचं टेबल लागतं. तिथे बसणाऱ्या मुलामुलींसाठी मी एक पानभर टिपण लिहून ठेवलंय. त्यातली पहिलीच सूचना वाचून नवी मुलं बुचकळ्यात पडतात: आलेल्या माणसाला ‘काय काम आहे?’ असं विचारायचं नाही.

ज्याला आपल्या कामाचं नाव ठाऊक आहे, त्याला हा प्रश्न सोपा जातो. बाकीच्यांची त्याने वाचाच बसते. याच प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून ते आधी एकदोन खिडक्यांवरून परत आलेले असतात. मग कुठेतरी कानावर पडलेला शब्द ते पुढे करतात. सध्या तो शब्द आहे ‘केवायसी’. रेशनची केवायसी वेगळी, पीएम किसानची वेगळी, बँकेची तर आणखी वेगळी. आपण शब्दावर विश्वास ठेवून कामाला लागलो, तर तासभर भलतंच काम करत बसतो. त्यापेक्षा विचारावं, ‘कुणी सांगितलं केवायसी करायला?’ रेशन दुकानदाराने सांगितलं असेल तर बरंचसं कोडं तिथेच सुटतं.

गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडात एकच वाक्य: ‘बाळा, केवायसी करून दे.’ टेबलावरच्या मुलीने त्यांना आधी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून त्यांच्याकडे तोंड करून बसली. कुणी सांगितलं, तर शेजारणीने. का सांगितलं, ते आजींना माहीत नव्हतं. मग तिने टिपणातला दुसरा प्रश्न विचारला: ‘आजी, आधी काय व्यवस्थित चालू होतं, जे आता होत नाही?’ आणि ती गप्प राहिली. ही शांतता नव्या मुलांना फार जड जाते, ती मध्येच चार पर्याय सुचवतात आणि माणूस त्यातल्या एकाला मान डोलावून मोकळा होतो. म्हणून मनात दहापर्यंत अंक मोजा, असं मी लिहिलंय. आजी थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘निराधारचं येत होतं. तीन महिने झाले, आलं न्हाई.’

आता पिशवी. ती ओढून घ्यायची नाही, उपडी करायची नाही. ‘त्या पैशांचा एखादा कागद आहे का?’ एवढं म्हटलं की माणूस स्वतःच कागद काढतो. आजींनी पासबुक काढलं आणि लगेच म्हणाल्या, ‘चष्मा घरीच राह्यला.’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. पुष्कळदा चष्मा कधी नसतोच, अक्षरओळख नसते. तेव्हा ‘वाचता येतं का?’ हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. ‘मी वाचून दाखवते’ म्हणायचं आणि बोट ओळीवर ठेवून वाचायचं. पासबुकात शेवटची जमा तीन महिन्यांपूर्वीची होती.

मग तिसरा प्रश्न: ‘त्या सुमारास नवीन काही केलं होतं का? कुठे अंगठा, कुठे फोटो?’ आजींना आठवलं. देवळापाशी कुणी टेबल लावून खाती उघडत होतं, तिथे त्यांनी अंगठा दिला होता.

इथे गाठ सापडली. आधारवरून येणारं अनुदान खाते क्रमांक बघून जात नाही. अनुदानासाठी आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेत जोडला गेला, त्या बँकेत ते पोचतं. ती बँक कोणती, हे आधारच्या संकेतस्थळावर Bank Seeding Status मध्ये दिसतं, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आजींचा आधार मुलाच्या नंबरला जोडलेला, आणि मुलगा कामावर पुण्यात. फोन करून ओटीपी मागवणं सोपं होतं, पण आम्ही ते करत नाही. आज आमच्या सांगण्यावरून त्याने फोनवर ओटीपी दिला, तर उद्या एखाद्या भामट्यालाही तो देईल.

म्हणून मुलगी आजींबरोबर गावातल्या बँक मित्राकडे गेली. अंगठ्याच्या मशीनवर नव्या बँकेचं नाव निवडून फक्त शिल्लक पाहायला सांगितली. ‘पैसे काढणे’ दाबलेलं नाही ना, हे तिने अंगठा ठेवण्याआधी स्क्रीनवर बघितलं. उन्हातान्हात राबून झिजलेला अंगठा दोनदा लागला नाही, बोट पुसून तिसऱ्यांदा लागला. पावती आली: दरमहा १५०० प्रमाणे तीन महिन्यांचे ४५०० रुपये खात्यात होते.

केवायसी करायची नव्हतीच. पैसे जुन्या बँकेतच यायला हवे असतील तर त्या शाखेत जाऊन आधार पुन्हा अनुदानासाठी जोडून घ्यायचा अर्ज देता येतो. नुसतं ‘आधार लिंक आहे’ हे उत्तर पुरत नाही, ‘अनुदानासाठी जोडलंय का?’ असं विचारावं लागतं. आजींना जुनीच बँक हवी होती, कारण तिथे पासबुकात शिक्का मारून छापून देतात. मुलीने एका चिठ्ठीवर हे दोन ओळींत मोठ्या अक्षरांत लिहिलं, वाचून दाखवलं आणि आजींनी ती पासबुकाच्या शेवटच्या पानात घडी करून ठेवली. शाखेत त्यांना काही बोलावं लागणार नव्हतं, चिठ्ठी पुढे केली की झालं.