सगळ्या घरांत एकदाच का?

‘रविवारी सर्व सदनिकांत झुरळांसाठी औषध मारले जाईल, ओटे रिकामे ठेवावेत,’ अशी नोटीस लागते आणि दोन-तीन घरं हमखास बंद राहतात. तिथेच मोहीम फसते. स्वयंपाकघरातली लहान तपकिरी झुरळं पाइपांच्या डक्टमधून मजले ओलांडतात. बंद घरातून ती पुन्हा पसरतात.

मादीच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात आणि त्यांच्यापर्यंत औषध सहसा पोचत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. नोटिशीत ती तारीखही असावी. बिजागऱ्यांत, सिंकखाली लावलेले जेलचे ठिपके पुसू नयेत. त्यांच्यावर फवाराही मारू नये, कारण त्या वासाने झुरळं जेल खातच नाहीत.