आकाशातला गडद पट्टा

एका नोव्हेंबरात, सकाळी आठच्या सुमारास, सिंहगडावरून उत्तरेकडे तोंड करून मी खडकवासल्याच्या पाण्याचा फोटो काढला. भिंग २४ मिमीचे, त्यावर पोलरायझर फिल्टर. घरी येऊन पाहतो तर उजवीकडचे आकाश शाईसारखे निळे आणि डावीकडचे अगदी फिके. फिल्टरच बिघडला असे मी धरून चाललो. बिघाड फिल्टरात नव्हता.

सूर्याच्या किरणात प्रकाशाची कंपने किरणाच्या आडव्या सर्व दिशांना होतात. हवेचे रेणू त्या कंपनांबरोबर हलतात आणि प्रकाश विखुरतात. पण रेणू ज्या रेषेत हलतो, त्या रेषेच्या टोकाकडून पाहणाऱ्याला त्या हालचालीचा प्रकाश मिळत नाही. म्हणून सूर्याशी काटकोन करून पाहिले की एकाच दिशेची कंपने उरतात. हेच ध्रुवीकरण. प्रत्यक्षात धूळ आणि पुन्हापुन्हा विखुरणे यांमुळे ते पूर्ण होत नाही; स्वच्छ आकाशातही पाऊणच्या आसपास थांबते. फिल्टर ही उरलेली कंपने अडवतो आणि तेवढे आकाश काळवंडते.

हा पट्टा शोधायला तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा तिच्याशी काटकोनात ताणावा आणि मनगट फिरवावे. अंगठा फिरतो तिथे पट्टा. त्या सकाळी सूर्य आग्नेयेला होता, म्हणून पट्टा ईशान्येकडून डोक्यावरून नैर्ऋत्येला गेलेला. माझ्या भिंगात आडवे सुमारे ७४ अंश मावतात: उजवीकडे पट्टा आला, डावा कोपरा मात्र सूर्याच्या जवळजवळ समोरच्या बाजूला, जिथे ध्रुवीकरण नावापुरतेच. अशा वेळी फिल्टर काढावा किंवा लांब पल्ल्याचे भिंग लावावे.

मला नडलेला हा असमानपणाच मधमाशीच्या कामाचा. तिच्या संयुक्त डोळ्याच्या वरच्या कडेला कंपनांची दिशा ओळखणाऱ्या, अतिनील प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी पोळे आडवे ठेवले आणि माश्यांना सूर्य न दाखवता निळ्या आकाशाचा फक्त एक तुकडा दाखवला. तेवढ्यावरही माश्या नाचून अन्नाची दिशा नेमकी दाखवत. मग त्यांनी वर ध्रुवक पत्रा धरून फिरवला, तशी नाचाची दिशाही फिरली. १९४९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. सूर्य डोंगराआड असला तरी आकाशाच्या तुकड्यातली कंपने तो कुठे आहे हे सांगतात, कारण ती सूर्याकडे जाणाऱ्या रेषेला नेहमी आडवी असतात. तो तुकडा झाकला, की आडव्या पोळ्यावरच्या माश्या वाट्टेल त्या दिशेला नाचू लागत.

दाट ढग आले की पट्टा विरतो. मग माझा फिल्टर कितीही फिरवला तरी आकाशात काही बदलत नाही.